एकच उत्तर, पाच शिक्षक आणि गुणांची तफावत

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पठित उताऱ्याखाली आकलनाच्या कृती असतात आणि अखेरीस ३ गुणांची ‘स्वमत’ची कृती असते. आकलनाच्या बहुतेक कृतींत मतभेदाला फारसा वाव नसतो. खरा पेच स्वमताचा. त्यासाठी राज्य मंडळाच्या रचनेत परीक्षकावर नियामक आणि त्याच्यावर मुख्य नियामक असतो. मात्र नियामकाची तपासणी परीक्षकाने गुण दिल्यानंतरची असते. तपासणाऱ्यांच्या हाताला एक माप बसवण्याचे काम त्याआधीच व्हावे लागते आणि शाळेच्या सहामाही परीक्षेत तर ते करणारे दुसरे कोणी नसते.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांना पाठवल्या. शंभरावर शिक्षकांनी त्या तपासल्या आणि एकाच उत्तरपत्रिकेला कोणी पन्नाशीच्या आसपास, तर कोणी नव्वदीच्या पुढे गुण दिले.

उदाहरणादाखल अलिबाग तालुक्यातील नागाव घेऊ. उतारा तेथील नारळी-पोफळीच्या वाड्यांविषयी आहे असे समजा. पर्यटकांसाठी वाड्यांत खोल्या उभ्या राहिल्या, पाण्याचा उपसा वाढला आणि विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागले, असा त्याचा आशय. कृती : ‘वाडीत खोल्या बांधण्याबाबत तुमचे मत लिहा.’ तपासणारे शिक्षक पाच.

प्रारंभी निरनिराळ्या दर्जाची सहा-सात उत्तरे निवडून, नावे झाकून, त्यांच्या प्रती पाचही जणांना दिल्या जातात. प्रत्येकाने आपापले गुण न बोलता कागदावर लिहायचे. ही अट क्षुल्लक वाटली तरी मोडता कामा नये. ज्येष्ठ शिक्षकाने आकडा आधी उच्चारला की बाकीचे आकडे त्याच्याकडे सरकतात आणि खरी तफावत दिसतच नाही.

आता दोन उत्तरे पाहू. पहिले पानभर, वळणदार अक्षरात : झाडे आपले मित्र, ती प्राणवायू देतात, पर्यावरण जपावे, म्हणून खोल्या नकोत. त्याला गुण पडले ३, ३, २, १, १. दुसरे तीनच ओळींचे : ‘खोल्या बांधायला हरकत नाय. माझ्या काकांनी झाडं न तोडता मोकळ्या जागेत बांधल्या. पण विहिरीचं पाणी मचूळ झालं तर पाहुणे पण नाय येणार, म्हणून उपसा कमी पायजे.’ त्याला गुण ३, १, १, २, १.

चर्चेत ‘तुम्ही इतके गुण का दिले?’ यापेक्षा ‘उत्तरातील कोणत्या शब्दांसाठी दिले?’ हे विचारावे. मग उमगते, की पहिल्या उत्तराचे निम्मे गुण अक्षराचे आणि लांबीचे होते, तर दुसऱ्याचे गुण बोलीने खाल्ले होते. तेव्हा ‘समाधानकारक उत्तर २ गुण’ यासारखा मोघम निकष मोडून ३ गुणांची फोड करायची : स्पष्ट मताला १, उताऱ्यातील मुद्द्याशी जोडलेल्या कारणाला १, स्वतःच्या अनुभवाला किंवा विचाराला १. व्याकरण आणि लेखन यांना गुण अन्यत्र असल्याने येथे भाषेसाठी कपात नाही. प्राणवायूचे वाक्य स्वतःचा विचार धरायचे का? कोणत्याही उताऱ्याखाली जे चालेल ते धरू नये, असे ठरले. त्यानुसार पहिल्या उत्तराला १ आणि दुसऱ्याला ३ गुण मिळतात. हा निर्णय उत्तरांच्या प्रतींसह जपून ठेवावा. पुढच्या वेळी कोऱ्या निकषापेक्षा अशा नमुन्यांचाच आधार अधिक होतो.

यानंतर नवी पाच उत्तरे तपासायची. ठरलेल्या गुणांपेक्षा एका शिक्षकाचा फरक −१, −१, ०, −१, ० असा आला. दुसऱ्याचा +१, −१, +१, −१, ०. बेरीज पाहिली तर दुसरा निर्दोष ठरतो, आणि सरासरीवर विसंबणाऱ्यांची फसगत होते ती नेमकी येथे. पहिला केवळ कडक आहे. त्याचा कल एकाच दिशेचा असल्याने तो दाखवून दिला की सुधारतो. दुसऱ्याला निकषच उमगलेला नाही. त्याच्यासोबत उत्तरे पुन्हा वाचावी लागतात.

एकमत फार झाले तरी ते तपासून घ्यावे. सर्वांनी सर्व उत्तरांना २ गुण दिले तर मेळ शंभर टक्के बसतो, पण बरेवाईट वेगळे झालेलेच नसते. नमुन्यात ० आणि ३ गुणांची उत्तरे हवीत ती यासाठीच.

बसवलेले माप टिकतही नाही. चाळीस-पन्नास उत्तरांनंतर हात सैल तरी होतो, नाहीतर आवळतो. म्हणून गठ्ठ्यात मधूनच एखादे आधी ठरवलेले उत्तर, खूण न करता, घालावे. त्याचे गुण चुकले तर त्याच्या मागील उत्तरे पुन्हा पाहायची, आधीचे असे उत्तर जेथे बरोबर तपासले गेले होते तेथपर्यंत.