हत्यार की अवजार? सातपुड्याची कुऱ्हाड आणि पात्याची भूमिती

१/
मराठीत ‘हत्यार’ हा शब्द दोन्ही अंगांनी चालतो. सुताराची करवत हे हत्यार आणि शिपायाची तलवार हेही हत्यारच. कुऱ्हाड नेमकी या दोन अर्थांच्या सीमेवर उभी आहे. उत्खननात एखादे पाते सापडले, तर ते झाड पाडण्याचे, लाकूड फोडण्याचे की शत्रूवर फेकण्याचे, हे कसे ओळखावे? उत्तर पात्याच्या आकारात, वजनाच्या वाटणीत आणि दांड्याच्या लांबीत असते. नंदुरबार जिल्ह्याच्या निमित्ताने हा धागा. 🧵

२/
प्रथम स्थळ. शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे गाव आहे. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी येथील पांढरीच्या टेकाडाचे उत्खनन केले. तळाच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली, तर तिच्या वरच्या थरांत लोखंड वापरणारी वस्ती. तांबे ते लोखंड हा प्रवास या जिल्ह्यात एकाच टेकाडात वाचता येतो. कुऱ्हाडीचा इतिहासही याच दोन धातूंमध्ये घडला.

३/
तांब्याची कुऱ्हाड कशी होती, हे दक्षिणेकडील जोर्वे (ता. संगमनेर) येथे कळते. तेथे तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. ‘सपाट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या कुऱ्हाडींना दांडा बसवण्यासाठी नेढे नाही. पाते म्हणजे एका बाजूला रुंदावत गेलेली, धार लावलेली जाड पट्टी. ती दांड्याच्या खाचेत अडकवून बांधावी लागे.

४/
अशा बांधणीची अडचण यांत्रिक आहे. प्रत्येक घावाबरोबर पाते मागे ढकलले जाते आणि पाचरीसारखे स्वतःच्याच दांड्याला चिरू लागते. विदर्भातील महापाषाणयुगीन लोहारांनी यावर उपाय शोधला. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील सपाट लोखंडी कुऱ्हाडींवर लोखंडाच्याच आडव्या-तिरप्या पट्ट्या आवळलेल्या आढळतात. पाते आणि दांडा एकत्र जखडणे हे त्यांचे काम.

५/
नेढ्याची कुऱ्हाड हा त्यापुढचा टप्पा. आता पाते दांड्याला भेदत नाही, दांडाच पात्यातून आरपार जातो. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. घावाचा धक्का लोखंड झेलू लागले आणि लोहाराला पात्यामागे हवे तेवढे वजन ठेवता येऊ लागले. कोणत्या कामासाठी कोणती कुऱ्हाड, हा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

६/
पहिली, झाड पाडण्याची कुऱ्हाड. उभ्या झाडाचे तंतू वरखाली जातात आणि घाव त्यांना आडवा बसतो. येथे तंतू तोडायचे असतात. म्हणून पाते पातळ हवे, धारेला किंचित बाक हवा आणि गाल, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू, जराशा फुगीर हव्यात. बाकामुळे सगळी धार एकदम न टेकता मधला भाग आधी शिरतो. फुगीर गालांमुळे लाकडाला पाते चहूबाजूंनी पकडता येत नाही आणि ते सुटून येते.

७/
घालण्याची पद्धतही आकाराशी जुळलेली असते. एक घाव वरून तिरपा, दुसरा खालून किंवा आडवा, मग मधली ढलपी उडते. अशी खाच खोल होत जाते. सरळ आडवे घाव घालत राहिले, तर पातळ पातेही रुतून बसते आणि ते काढण्यातच निम्मा दम जातो. बुंध्याजवळ मोठ्या, सुट्या ढलप्या पडलेल्या असतील तर हात सराईत आहे. भुगा आणि चिंध्या दिसत असतील तर धार बोथट आहे किंवा कोन चुकला आहे.

८/
दुसरी, फोडण्याची कुऱ्हाड. ओंडका उभा करून तंतूंच्या दिशेनेच घाव घालायचा असतो. तंतू तोडण्याची गरज नसते, त्यांना एकमेकांपासून दूर ढकलायचे असते. म्हणून पाते जाड, पाचरीसारखे हवे.

हिशेब पाहू. पात्याच्या दोन बाजूंमधील कोन २० अंश असेल, तर ३ सेंटिमीटर आत गेलेले पाते लाकूड सुमारे १ सेंटिमीटर फाकवते. कोन ४० अंश केला, तर तेवढ्याच खोलीवर जवळपास २.२ सेंटिमीटर. दुसऱ्या फाकीत ओंडका उकलतो. पहिलीत पाते फक्त अडकते.

९/
याची उलट बाजूही खरी आहे. ४० अंशांचे पाते उभ्या झाडावर चालवले तर ते आत शिरत नाही, उसळून परत येते. उसळलेली कुऱ्हाड नडगीवर येऊ शकते. म्हणजे जाड पाते ‘अधिक मजबूत’ म्हणून अधिक चांगले, असा सरधोपट नियम नाही. लाकडाच्या तंतूंची दिशा बदलली की चांगल्या पात्याची व्याख्याही बदलते.

१०/
आता वजन. नेढ्याच्या मागच्या लोखंडाला येथे ‘माथा’ म्हणू. जुन्या युरोपीय कुऱ्हाडींत माथा जवळपास नसे. सगळे वजन दांड्याच्या पुढे, पात्यात असे. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील वसाहतींत माथा जड होत गेला आणि वजनाचा मध्य दांड्याच्या रेषेजवळ आला. अशी कुऱ्हाड हातात कमी वळवळते आणि घाव जिथे रोखला तिथे पडतो. पुढे झुकलेली कुऱ्हाड किंचित तिरपी लागली तरी मनगट पिरगळते.

११/
फोडण्याच्या कुऱ्हाडीत माथ्याला आणखी एक काम येते. पाते रुतले की त्यावर घण मारण्याचा मोह होतो. नेढ्याच्या भिंती पातळ असतील तर अशा घावांनी नेढे फाकते आणि दांडा सैल होतो. म्हणून जाणता माणूस कुऱ्हाडीवर घण मारत नाही, चिरेत स्वतंत्र पाचर ठोकतो. जुन्या कुऱ्हाडीचा माथा छत्रीसारखा पसरलेला दिसला, तर ती पाचरीच्या जागी वापरली गेली, असे खुशाल समजावे.

१२/
दांड्याची लांबी म्हणजे वेग. हात आणि दांडा मिळून एक त्रिज्या होते. हाताचे ६० सेंटिमीटर धरले, तर ४५ सेंटिमीटरच्या दांड्याने त्रिज्या १०५ होते आणि ९० सेंटिमीटरच्या दांड्याने १५०. फिरवण्याची गती तीच राहिली तर पात्याचा वेग सुमारे १.४ पट वाढतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळपास दुप्पट होते. दोन हातांनी चालवण्याच्या कुऱ्हाडीचा दांडा लांब असतो तो यासाठी. मर्यादा नेमकेपणाची आहे. दांडा वाढला की नेम ढळतो. घाव पुढे पडला तर पात्याऐवजी दांडाच लाकडावर आपटतो आणि नेढ्याच्या अगदी खाली मोडतो.

१३/
या दांड्यासाठी सातपुड्यात धावड्यासारखे झाड आहे. चिवट आणि लवचिक असल्याने त्याचे लाकूड कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि बैलगाडीच्या आसाला वापरले जाते. तंतू दांड्याच्या लांबीत सरळ धावले पाहिजेत. ते कडेने तिरपे बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच तुटतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण नीतीची असली तरी तिच्यामागे हे साधे वास्तव आहे. झाडाला पाडायला झाडाचाच चिवट भाग लागतो.

१४/
तिसरी, फेकण्याची कुऱ्हाड. तिचे प्रसिद्ध ऐतिहासिक उदाहरण युरोपातील फ्रँक लोकांची ‘फ्रान्सिस्का’. सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस सांगतो की, फ्रँक योद्धे आखूड दांड्याच्या कुऱ्हाडी पहिल्याच हल्ल्यात फेकून शत्रूच्या ढाली फोडत. उत्खननांत मिळालेल्या फ्रान्सिस्कांचे पाते वरच्या दिशेने वळलेले असते आणि धारेचा वरचा कोपरा पुढे आलेला असतो.

१५/
हा आकार फेकीतून समजतो. हवेत गेलेली कुऱ्हाड वजनाच्या मध्याभोवती गरगरते. ती लक्ष्यावर पोहोचते त्या क्षणी धार पुढे असली पाहिजे. फिरकी थोडी कमी-जास्त झाली तरी पुढे आलेला कोपरा आधी रुततो, म्हणजे चुकीला थोडी माफी मिळते. दांडा आखूड आणि डोके हलके असल्याने एका हाताने फेकता येते. आजच्या कुऱ्हाडफेक स्पर्धांतही एकहाती कुऱ्हाड साधारण ३.७ मीटरवरून फेकतात आणि तेवढ्यात तिची एक पूर्ण गिरकी होते.

१६/
मग लांब दांड्याची कुऱ्हाड फेकताच येत नाही का? येते, पण तोल साधावा लागतो. अमेरिकेतील लाकूडतोड्यांच्या खेळांत लांब दांड्याची दुधारी कुऱ्हाड सुमारे ६ मीटरवरून फेकतात. दोन्ही बाजूंची पाती सारखी असल्याने वजनाचा मध्य दांड्याच्या रेषेवर येतो आणि गिरकी डगमगत नाही. एकाच बाजूला पाते असलेल्या, पुढे झुकलेल्या कुऱ्हाडीत हा मध्य दांड्याच्या रेषेवर नसतो. पडद्यावर कोणतीही कुऱ्हाड भिरकावली की रुतते, ते पडद्यापुरतेच.

१७/
आता सातपुड्याकडे परत. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत भिल्ल आणि पावरा कुटुंबांची कुऱ्हाड एकाच वेळी फांद्या तोडते, सरपण फोडते, कुंपणाचे खुंट टोकदार करते. म्हणून तिची भूमिती तडजोडीची असते. पाते पाडण्याच्या कुऱ्हाडीइतके पातळ नाही आणि फोडण्याच्या कुऱ्हाडीइतके जाडही नाही. फेकण्याची गरज तिच्यावर कधी पडली नाही, कारण दूरच्या माऱ्यासाठी भिल्लांकडे तीरकमठा होता. ज्याच्या हाती बाण आहे, त्याने आपले रोजचे अवजार भिरकावून का द्यावे?

१८/
हा फरक केवळ संग्रहालयापुरता नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम ५२ नुसार वनगुन्ह्यात वापरलेली अवजारे, गाड्या आणि गुरे जप्त करता येतात. १९५९ चा शस्त्र कायदा ‘शस्त्र’ या व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळतो. म्हणजे वस्तू कशासाठी घडवली, हा प्रश्न कायदाही विचारतो. पहिल्या कायद्यात कुऱ्हाड गुन्ह्याचे साधन ठरते, दुसऱ्यात तिच्या घडणीला महत्त्व येते. जंगलावर जगणाऱ्या घराची कुऱ्हाड गेली, तर चूल, कुंपण आणि शेत तिन्ही अडतात.

१९/
म्हणून जुने पाते समोर आले की हा क्रम ठेवावा. आधी पात्याची जाडी आणि कोन पाहावा, मग धारेचा बाक आणि कोपरे. त्यानंतर वजन नेढ्याच्या पुढे आहे की दोन्हीकडे वाटलेले, ते तपासावे. माथ्यावर घणाच्या खुणा शोधाव्यात. दांडा बहुधा कुजून गेलेला असतो, पण नेढ्याच्या मापावरून त्याच्या जाडीचा अंदाज येतो. इतके पाहिल्याशिवाय फलकावर ‘युद्धकुऱ्हाड’ असे लिहू नये. बहुतेक कुऱ्हाडींनी आयुष्यभर लाकूडच तोडलेले असते.

(धागा समाप्त)