पाच भागिले नऊ म्हणजे शून्य?

आजची गोष्ट भागाकाराच्या एका चिन्हाची आहे. ती सुरू होते आपल्या जालन्यातून, पण तिचं मूळ पन्नास वर्षं मागे आहे.

बीटेकच्या पहिल्या वर्षाला सी शिकताना मला फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं गणित आलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'मध्ये सुरुवातीलाच हे गणित आहे, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी ते केलं असेल. मी आकडा घेतला १०४, म्हणजे आपल्याकडे लहान पोराला चढतो तो सणसणीत ताप. सूत्र शाळेपासून पाठ होतं: ३२ वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा.

```c
int f = 104;
float c;
c = 5/9 * (f - 32);
printf("%.1f\n", c);
```

उत्तर आलं `0.0`. मग ९८ टाकून पाहिलं, २१२ टाकून पाहिलं, तरी `0.0`च. उकळतं पाणी आणि बर्फ दोन्ही एकाच तापमानाला! प्रोग्रॅम मात्र बिनतक्रार चालत होता. आजही `gcc -Wall` लावलं तरी या ओळीवर कसलीच सूचना येत नाही.

चूक कुठे झाली? चौथीतला भागाकार आठवा. ५ ला ९ ने भागलं तर भाग जातो ० वेळा, बाकी ५. सी अगदी हेच करते. दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की `/` फक्त भाग देतो, बाकी हवी असेल तर `%` वापरावं लागतं. म्हणजे `5/9` झालं शून्य, आणि शून्याने ७२ ला गुणलं तरी शून्यच. मी `c` ला `float` केलं होतं, पण त्याचा उपयोग नव्हता, कारण भागाकार आधीच उरकला होता. `float` च्या डब्यात शेवटी पोचलं ते तयार शून्य.

आता प्रश्न असा, की एकाच चिन्हाला दोन कामं दिली कुणी?

सीच्या आधी बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसनची 'बी' भाषा होती. तिच्यात डेटा टाइप हा प्रकारच नव्हता. मग पीडीपी-११ हे मशीन आलं. त्याचा एक शब्द १६ बिटांचा, आणि दशांश संख्या काही तेवढ्यात मावेना. मग कोणती संख्या कुठल्या प्रकारची, हे भाषेलाच सांगायची गरज पडली. डेनिस रिचीने १९७२ च्या सुमारास बीची सी केली आणि त्यात `int`, `float` असे प्रकार आले. पण चिन्ह एकच राहिलं, `/`. ते कोणतं काम करणार हे आजूबाजूच्या संख्यांवरून ठरायचं. फोरट्रानमध्ये १९५७ पासून हीच रीत होती.

दुसरी वाट नव्हती असं नाही. निकलाउस विर्थ यांनी १९७० मध्ये पास्कलमध्ये पूर्णांकांसाठी `div` आणि दशांशासाठी `/` अशी वेगळी चिन्हं ठेवली.

गंमत म्हणजे, सीच्या कर्त्यांना हा खड्डा माहीत होता. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात तापमानाचा हाच तक्ता आहे. तिथे त्यांनी `5.0/9.0` लिहिलंय आणि `5/9` का चालत नाही तेही सांगितलंय. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच तक्ता आधी पूर्णांकांत केलाय, `5 * (fahr-32) / 9` असा, म्हणजे आधी गुणाकार, मग भागाकार. यात शून्याची भानगड टळते, पण अपूर्णांक तरीही कापला जातो: १०० फॅरनहाइटचं उत्तर ३७.८ ऐवजी ३७ येतं.

शून्य दिसलं तर निदान शंका तरी येते. खरा धोका उलट्या दिशेला आहे. जालन्याच्या मे महिन्यातले ४२ सेल्सिअस घ्या आणि `9/5 * c + 32` करा. `9/5` होतं १, उत्तर येतं ७४. खरं उत्तर १०७.६. पण ७४ हा आकडा चुकीचा वाटतच नाही! म्हणून तपासताना ओळखीची दोन टोकं घ्या. ० सेल्सिअसला ३२ बरोबरच येईल, त्यावर फसू नका. १०० ला २१२ यायला हवं. १३२ आलं, तर समजा बाकी कुठेतरी सांडली.

इलाज एका टिंबाचा आहे: `5.0/9`. एक बाजू दशांशाची झाली की दुसरीही होते.

पायथॉननेही आधी सीचीच रीत उचलली होती. २००८ मध्ये पायथॉन ३ आलं आणि तिथे `/` ने खरा भागाकार द्यायला सुरुवात केली, पूर्णांकासाठी `//` वेगळं ठेवलं. विर्थ यांनी १९७० मध्ये केलेली वाटणी तिथे पोचायला ३८ वर्षं लागली. सीमध्ये मात्र जुना नियम आजही तसाच आहे. तेव्हा पुढच्या वेळी `/` टाइप कराल, तेव्हा आधी त्याच्या दोन्ही बाजूंना कोण बसलंय ते बघा.

भेटू पुढच्या भागात!