गोदामाची क्षमता (पोत्यांमध्ये)

धान्याच्या गोदामात एका वेळी किती पोती नीट ठेवता, मोजता आणि तपासता येतील, ती संख्या म्हणजे त्याची क्षमता. जमिनीच्या क्षेत्रफळाला पोत्याच्या क्षेत्रफळाने भागून थरांनी गुणले की ती निघते, असा समज आहे. पण असे उत्तर नेहमी फुगलेले येते. पोती सलग पसरत नाहीत, थप्प्यांमध्ये लागतात, आणि प्रत्येक थप्पीभोवती वाट सोडावी लागते. म्हणून आधी थप्प्या बसवायच्या आणि मग पोती मोजायची.

आतून ३० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद गोदाम घेऊ. थप्पीचे प्रचलित माप ३० × २० फूट, म्हणजे सुमारे ९.१ × ६.१ मीटर. लांबीत तीन थप्प्या बसतात. उरलेल्या २.७ मीटरपैकी दोन्ही भिंतींशी पाऊण-पाऊण मीटर आणि थप्प्यांमध्ये ६० सेंटिमीटरच्या दोन फटी जातात. रुंदीत दोन थप्प्या बसतात. भिंतींशी तेवढेच अंतर सोडले की मधे २.३ मीटरची मुख्य वाट मिळते. अशा एकूण सहा थप्प्या होतात. दारे लांब भिंतीत असतील तर आडवी वाटही सोडावी लागते आणि हा आकडा घटतो.

गव्हाचे ५० किलोचे तागाचे पोते भरून आडवे ठेवले की साधारण ७६ × ४८ सेंटिमीटर जागा घेते आणि १८ सेंटिमीटर जाड असते. एका थरात १२ × १२ पोती बसतात. वरच्या थरात ती काटकोनात फिरवून १८ × ८ लावतात. संख्या १४४ च राहते. ही अदलाबदल केली नाही तर थरांची पकड सुटून थप्पी कलते. वीस थरांची उंची ३.६ मीटर, खालच्या लाकडी चौकटी धरून पावणेचार. वर छताच्या कैचीपर्यंत निदान मीटरभर मोकळे हवे. एका थप्पीत २,८८० पोती, सहांत १७,२८०, म्हणजे ८६४ टन. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने हाच आकडा २६ हजारांवर गेला असता.

क्षमता वाढवायची म्हणून वाटाच बुजवण्याचा मोह व्यापाऱ्यांना फार होतो. पण भिंतीला टेकलेली पोती पावसाळ्यात ओल धरतात. धुरी देताना थप्पीवरचे आच्छादन जमिनीपर्यंत आणून त्याच्या कडा वाळूच्या लांब पिशव्यांनी दाबाव्या लागतात. फट नसेल तर वायू निसटतो आणि कीड जगते. मधली पोती मोजताही येत नाहीत, त्यामुळे तूट उशिरा कळते.

फरशीचाही हिशेब करावा. वीस थरांची थप्पी १४४ टनांची, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २.६ टन. जुनी फरशी एवढा भार सोसत नसेल तर थर कमी करावेत. सोळा थरांवर थांबल्यास याच गोदामाची क्षमता १३,८२४ पोती भरते.