मेकअपची उजेडातली पारख

घरात दिव्याखाली केलेला मेकअप बाहेर पडण्याआधी दिवसाच्या उजेडात पाहून दुरुस्त करण्याची रीत. तिचा खरा उपयोग फाउंडेशन आणि ब्लश यांसाठी होतो. काजळ-आयलायनरच्या बाबतीत उजेडाने फारसे बिघडत नाही.

पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा, तर भर दिवसाचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो. बल्बच्या उजेडात निळा अंश फार कमी असल्याने पिवळसर आणि गुलाबी झाकेतला फरक त्यात दबतो. शिवाय डोळे थोड्या वेळात त्या उजेडाला सरावतात, त्यामुळे चूक समोर असूनही खटकत नाही. पांढरा एलईडी लावला की प्रश्न मिटतो, असेही नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद तांबडा अंश कमी पडतो, गाल फिके दिसतात आणि ब्लशचा हात वाढत जातो.

समजा, सकाळच्या मुहूर्ताच्या लग्नाला जायचे म्हणून पहाटे बल्बखाली तयारी केली. त्वचा गव्हाळ, पिवळसर झाकेची. फाउंडेशन मात्र गुलाबी झाकेचे आणि एक छटा उजळ. आरशात चेहरा छान एकसारखा दिसला. मांडवाच्या दारात तोच चेहरा राखाडी वाटतो आणि जबड्याखाली मान वेगळ्या रंगाची दिसते.

हे घरीच पकडता येते. उजाडल्यावर खोलीतला दिवा बंद करावा, कारण दोन उजेड मिसळले की नीट काही कळत नाही. हातआरसा घेऊन खिडकीकडे तोंड करून दोन-तीन फुटांवर उभे राहावे. थेट ऊन नको, रंगीत पडदाही बाजूला सारावा. मिनिटभर डोळे सरावू द्यावेत. मग मान दोन्हीकडे वळवून जबड्याची कड, कानाजवळची जागा, केसांची रेघ आणि नाकाच्या बाजू पाहाव्यात. दिवा एकाच बाजूला असेल, तर अंधाऱ्या बाजूच्या गालावर ब्लश हमखास जास्त बसलेला असतो. काही फाउंडेशन लावल्यावर थोडी गडद होतात, म्हणून ही पारख दहा-पंधरा मिनिटांनी करणे बरे.

राखाडी झाक दिसली, तर वरून आणखी एक थर देऊ नये. बहुतेकांचा मेकअप तिथेच बिघडतो. ओल्या स्पंजाने जबड्याकडचा थर पातळ करून मानेकडे ओढावा आणि पिवळसर, किंचित गडद छटा अगदी थोडी मिसळावी. वाढलेला ब्लशही त्याच स्पंजाने हलक्या हाताने टिपून कमी होतो.

उजाडण्याआधीच निघायचे असेल, तर खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेला, ५००० केल्विनच्या आसपासचा दिवा चेहऱ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना लावावा. छतावरचा दिवा डोळ्यांखाली सावली पाडतो आणि कन्सीलर उगाच जास्त लागतो. संध्याकाळच्या समारंभाला मात्र खिडकीची कसोटी पुरत नाही: दिवसा नेमका वाटणारा ब्लश हॉलच्या पिवळ्या दिव्यांत फिका पडतो, म्हणून तो तशाच दिव्याखाली थोडा वाढवून घ्यावा.