अनदर, अदर, द अदर की एल्स? रिकाम्या जागेत काय भरायचं?

इंग्रजीच्या पेपरात हे चार पर्याय एकत्र आले की अनेकांचा गोंधळ उडतो. कारण मराठीत या चौघांचं काम बहुतेक वेळा 'दुसरा', 'इतर' किंवा 'आणखी' या शब्दांवर भागतं. उत्तर मिळतं ते रिकाम्या जागेनंतरच्या नामाकडे पाहून.

पुढे नामच नसेल आणि आधी 'समथिंग', 'नोबडी' किंवा 'व्हॉट' असेल, तर 'एल्स' येतं. 'एल्स पेन' असं कधीच होत नाही.

'अनदर' हा 'अॅन' आणि 'अदर' मिळून झालेला शब्द आहे. त्यात 'एक' दडलेला असल्याने पुढे मोजता येणारी एकच वस्तू लागते: 'अनदर पेन'. पाणी तसं मोजता येत नाही, म्हणून 'अनदर वॉटर' चूक. पण ग्लास मोजता येतो, म्हणून 'अनदर ग्लास ऑफ वॉटर' बरोबर.

अनेकवचनी किंवा न मोजता येणाऱ्या नामापुढे 'अदर' चालतं: 'अदर बुक्स', 'अदर इन्फर्मेशन'.

आता हे वाक्य पाहा: 'आय हॅव टू ब्रदर्स. वन लिव्ह्ज इन पुणे. ____ ब्रदर लिव्ह्ज इन नाशिक.' भाऊ दोनच आहेत. एकाचा उल्लेख झाला, उरलेला कोण ते ठरलेलं आहे. म्हणून 'द अदर'. भाऊ तीन असते, तर दुसऱ्यासाठी 'अनदर' आणि शेवटच्यासाठी 'द अदर' आलं असतं. थोडक्यात, उरलेला एकच असेल तर 'द' विसरू नका.