लग्नाचा हॉल बुक करताय? ॲडव्हान्स, तारीख धरणं आणि रद्द झाल्यावर परत मिळणारे पैसे

नंदुरबार : जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत लग्न आजही दारासमोर मांडव टाकूनच होतं. पण नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या शहरांच्या आसपासच्या गावांतून आता मंगल कार्यालय किंवा लॉन्सकडे जाणारे वाढलेत. अडचण येते ती सीझनला. आखाजीच्या आगेमागे आणि मे महिन्यात जो तो त्याच चार-सहा तारखांवर डोळा ठेवून असतो. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ महिना आहे. अधिक मासात मुहूर्ताची लग्नं धरत नाहीत, म्हणून पंचांग पाहून लग्न करणाऱ्यांची गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यावर येते, उरलेली अधिक मास संपल्यावर. अशा वेळी हॉलवाला "आत्ताच पैसे टाका, नाहीतर तारीख जाईल" म्हणतो आणि माणूस पावती न वाचता पैसे टाकतो.

तारीख धरून ठेवली, म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघं बसल्याशिवाय, सुपारी फुटल्याशिवाय तारीख पक्की होत नाही. बैठकीच्या आधीच कुणीतरी हॉलवर फोन करून ठेवतो, "अमुक तारीख आपल्यासाठी धरून ठेवा." हॉलवाला "हो भाऊ, धरली" म्हणतो. या "हो"ला कायद्याच्या दृष्टीने फारसं वजन नाही. पैसे न घेता कुणी एखादी गोष्ट अमुक दिवसापर्यंत राखून ठेवतो म्हटलं, तरी समोरच्याने होकार कळवण्याआधी तो आपला शब्द मागे घेऊ शकतो. भारतीय करार कायदा, १८७२ असंच सांगतो. म्हणून बैठक होऊन घरी येईपर्यंत तारीख दुसऱ्याला गेलेली असली, तर भांडून उपयोग होत नाही.

तारीख खरोखर धरायची असेल तर थोडी रक्कम द्यावी आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, तारीख कोणत्या दिवसाच्या किती वाजेपर्यंत धरली आहे. "आठ दिवस" एवढंच लिहिलं की पैसे दिल्याचा दिवस धरायचा की नाही यावरच वाद होतो, त्यामुळे सरळ "१२ तारखेच्या संध्याकाळी ६ पर्यंत" असं लिहावं. दोन, त्या वेळेआधी बुकिंग पक्की केली तर ही रक्कम भाड्यात वळती होईल का. तीन, सोयरीकच जुळली नाही तर ती परत मिळेल, की सगळी जाईल. मुदत ठरवताना बैठकीचा दिवस बघून वर दोन दिवस धरावेत, कारण बैठक पुढे ढकलली जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. मुदत संपायच्या आत फोन न करता व्हॉट्सॲपवर "बुकिंग पक्की करतोय" किंवा "नको" असं लिहून पाठवावं. नंतर दाखवायला तेच कामाला येतं.

ॲडव्हान्स, इसार आणि अनामत

हॉलवर दिले जाणारे पैसे बोलताना सगळे "ॲडव्हान्स" म्हणूनच ओळखले जातात. पावतीवर मात्र त्यांची नावं वेगळी असतात आणि परत काय येणार ते या नावावरून बरंचसं ठरतं. इसार म्हणजे करार पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम. आपण शब्द फिरवला तर ती जाऊ शकते, आणि रक्कम वाजवी असेल तर ती जप्त करणं न्यायालयंही मान्य करतात. ॲडव्हान्स म्हणजे भाड्याचाच आधी दिलेला हिस्सा. अनामत वेगळी: खुर्च्या, भांडी, काचा फुटल्या तर त्यातून कापायची आणि कार्य झाल्यावर उरलेली परत द्यायची. लग्नच झालं नाही तर अनामत अडकवून ठेवायला हॉलवाल्याकडे कारणच राहत नाही. म्हणून तीनही रकमा पावतीवर वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. सगळं मिळून "ॲडव्हान्स ४०,०००" असं मोघम लिहिलं की अनामतही त्यातच बुडते.

जीएसटीचंही त्याच वेळी विचारून घ्यावं. हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ६०,००० भाड्यावर १०,८०० रुपये. हॉलवाला नोंदणीकृत नसेल तर त्याला तो घेता येत नाही. घेत असेल तर पावतीवर त्याचा जीएसटी नंबर असायलाच हवा.

काही कार्यालयं समाजाच्या ट्रस्टची असतात आणि तिथे पैसे घेणारा मॅनेजर असतो. पैसे त्याच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर न टाकता कार्यालयाच्या खात्यावर टाकावेत आणि यूपीआय करताना शेऱ्यात लग्नाची तारीख लिहावी. पावती घेतली तरी बुकिंग रजिस्टरमध्ये त्या तारखेसमोर आपलं नाव लिहिलेलं स्वतः पाहावं आणि जमलं तर फोटो काढून ठेवावा. एकाच तारखेला दोन घरं येतात तेव्हा गोंधळ बहुतेक पावती आणि रजिस्टर जुळत नसल्याचाच असतो. नुसती तारीख पुरत नाही, वेळही लिहावी: आदल्या दिवशी हळदीला हॉल किती वाजता मिळणार आणि लग्नाच्या दिवशी किती वाजता सोडायचा. लागोपाठ दिवशी मुहूर्त असले की आधीचं वऱ्हाड निघायला उशीर करतं आणि आपला आचारी बाहेर थांबून राहतो.

"५० टक्के कपात" कशाची?

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते या एका ओळीत. समजायला एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, प्रत्येक हॉलचे दर वेगळे असतात.

समजा शहादा तालुक्यातल्या एका घराने मेच्या पहिल्या आठवड्यासाठी ६०,००० रुपये भाड्याचा हॉल घेतला. तारीख धरायला ५,००० दिले, पक्कं करताना आणखी २५,००० दिले, म्हणजे एकूण ३०,००० हॉलवाल्याकडे गेले. अनामत लग्नाच्या आठवडाभर आधी द्यायची होती. पावतीच्या मागे छापलं होतं: ६० दिवसांपेक्षा आधी रद्द केल्यास २५ टक्के कपात, ६० ते ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काहीही परत नाही.

घरात दुःखद घटना घडली आणि लग्न पुढे ढकलावं लागलं. मुलीच्या काकांनी ६३ दिवस आधी हॉलवर फोन केला. मॅनेजर म्हणाला, "बघू, मालक आले की सांगतो." सुतक, दहावं-तेरावं यात दिवस गेले आणि लेखी मेसेज गेला ५८ दिवस उरले असताना. आता हॉलवाला म्हणतो, लेखी आलं त्या दिवसापासून मोजणार, म्हणून ५० टक्के. आणि हे ५० टक्के तो भाड्याचे धरतो: ६०,००० चे ३०,०००. म्हणजे घरच्यांना शून्य. घरच्यांचं म्हणणं, फोन ६३ दिवस आधी केला होता, म्हणून २५ टक्के, आणि तेही दिलेल्या ३०,००० वर: ७,५०० कापा, २२,५०० परत द्या. पावती एकच, पण एकाच्या हिशोबाने शून्य आणि दुसऱ्याच्या हिशोबाने साडेबावीस हजार. कारण "कशाचे टक्के" आणि "कळवणं म्हणजे काय" हे दोन्ही पावतीवर नव्हतं.

यात आणखी एक गोष्ट घडते, जी सीझनला हमखास घडते. महिनाभरात हॉलवाल्याने तीच तारीख दुसऱ्या घराला ५०,००० ला दिली. म्हणजे त्याचं खरं नुकसान १०,००० च्या आसपास, वर थोडाफार कागदी खर्च. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही मोठा दंड लिहिला असला, तरी मिळते ती वाजवी भरपाई आणि लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात म्हटलं की नुकसान झालंच नसेल तर भरपाईही नाही. नुकसान मोजणं अवघड असेल तेव्हाच करारातली वाजवी रक्कम धरली जाते. त्या हिशोबाने या घराला साधारण २०,००० मागायला आधार आहे. मात्र तारीख पुन्हा गेली का, हे शोधून काढणं घरच्यांचं काम. त्या दिवशी हॉलवर लागलेल्या कमानीचा किंवा पत्रिकेचा फोटो पुरतो.

हा सगळा वाद पावतीवरच्या दोन ओळींनी टळला असता: "कपात हॉलकडे जमा झालेल्या रकमेवर धरली जाईल. रद्द केल्याचं व्हॉट्सॲपवर कळवलेला दिवस धरला जाईल आणि तीच तारीख पुन्हा बुक झाल्यास फक्त प्रत्यक्ष तोटा कापला जाईल." आणि तारीख पुढे ढकलली तर रद्द धरणार की त्याच भाड्यात बदलून देणार, तेही विचारावं. ऑफ-सीझनची तारीख घेतली तर बरेच हॉलवाले पूर्ण रक्कम वळती करायला तयार होतात.

हॉलवाल्यानेच नाही म्हटलं तर

छापील अटींमध्ये गिऱ्हाईकाने रद्द केल्याचं सगळं असतं, हॉलवाल्याने रद्द केल्याचं बहुधा काहीच नसतं. तेव्हा पूर्ण रक्कम परत मागता येतेच. शिवाय ऐनवेळी दुसरा महाग हॉल घ्यावा लागला तर वरचा फरकही मागता येतो, फक्त दोन्ही पावत्या जपून ठेवाव्यात. सरकारी आदेशाने कार्यच होऊ शकलं नाही तर गोष्ट वेगळी. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्या काळात अनेक घरांचे ॲडव्हान्स अडकले. दोघांपैकी कुणाचाही दोष नसताना करार पार पाडणं अशक्य झालं, तर घेतलेले पैसे परत करावे लागतात, हे कलम ५६ आणि ६५ मध्ये आहे. पण कार्य छोटं करता येत होतं की मुळीच होत नव्हतं, यावर वाद राहतोच. पावतीवर "शासकीय बंदी आल्यास तारीख बदलून किंवा रक्कम परत" एवढं लिहिलेलं असलं की पुरे.

पैसे अडवले तर आधी लेखी मागणी पाठवावी, त्यात रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहावी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, फोन मोफत आहे. तरीही जमलं नाही तर नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. हॉल बाहेरच्या जिल्ह्यात, अगदी सुरतला असला, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. मुदत, वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पावती, यूपीआयचा तपशील आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट न करता तोवर ठेवावं. फोन बदलताना जुने मेसेज जातात, तेव्हा त्यांचे प्रिंट आधीच काढून घ्यावेत.