किरीटी, पाटील आणि ‘नाही’: स्टॉपवर्डच्या तयार यादीचे खंडन

मराठी मजकुराचे संगणकावर विश्लेषण करताना एक पायरी जवळजवळ गृहीत धरली जाते. शब्द सुटे केले की स्टॉपवर्डची तयार यादी लावायची, ‘आणि’, ‘आहे’, ‘हा’, ‘ते’ असे पुन्हा पुन्हा येणारे शब्द गाळायचे आणि उरलेल्या शब्दांवर काम सुरू करायचे. या रीतीच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की जो शब्द प्रत्येक लेखात येतो, तो एका लेखाला दुसऱ्यापासून वेगळे करू शकत नाही. दुसरा असा की मोजकेच शब्द मजकुराचा मोठा भाग व्यापतात आणि ते काढले की काम हलके होते. तिसरा असा की सर्वांनी एकच यादी वापरली तर निष्कर्षांची तुलना करता येते.

हे युक्तिवाद पोकळ नाहीत, पण त्यांतून ‘म्हणून तयार यादी लावा’ असा निष्कर्ष निघत नाही. कोणता शब्द गाळावा हे भाषा ठरवत नाही. मजकुराला आपण कोणता प्रश्न विचारतो, त्यावरून ते ठरते. आणि मराठीच्या घडणीमुळे हे भान सुटले तर होणारे नुकसान मोठे असते.

आधी या तयार याद्यांमध्ये काय आहे ते पाहू. जालावर खूप फिरणाऱ्या एका मराठी यादीत शंभराच्या आसपास शब्द आहेत. त्यांत ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ आहेत, तसेच ‘कोटी’, ‘लाख’, ‘हजार’, ‘डॉ’ आणि ‘पाटील’ही आहेत. हे शब्द पाहताच यादीचे कूळ कळते. कोणीतरी वर्तमानपत्री बातम्यांतील शब्द मोजले आणि वरचे शब्द उचलले. बातमीत ‘पाटील’ वारंवार येतो हे खरे, पण ‘पाटील’ हा अर्थहीन शब्द नाही. राजकीय बातम्यांतील व्यक्तींचा अभ्यास करणाऱ्याने ही यादी लावली, तर महाराष्ट्रातील सर्वांत परिचित आडनावांपैकी एक त्याच्या अभ्यासातून पहिल्याच पायरीवर नाहीसे होते. अर्थसंकल्पाचा अभ्यास करणाऱ्याच्या हातून ‘कोटी’ निसटते.

याच यादीत ‘किवा’, ‘सागित्ले’, ‘निर्ण्य’ अशी रूपे आहेत. ‘किंवा’, ‘सांगितले’, ‘निर्णय’ या शब्दांचे अनुस्वार आणि जोडाक्षरे कुठल्यातरी प्रक्रियेत मोडली आणि मोडलेली रूपेच यादीत राहिली. नीट लिहिलेल्या मजकुरातला ‘किंवा’ या यादीने गाळला जात नाही, कारण ‘किवा’ असे कोणी लिहीत नाही.

spaCy या लोकप्रिय साधनाच्या मराठी यादीत हेच शब्द आहेत आणि त्यांच्या जोडीला ‘जैसें’, ‘तेथ’, ‘आघवें’, ‘किरीटी’, ‘कर्म’ हेही आहेत. ही ज्ञानेश्वरीची भाषा आहे. त्या ग्रंथात संबोधने वारंवार येतात, म्हणून मोजणीत ती वर चढली. आजच्या ग्राहक-तक्रारींत ‘किरीटी’ येणार नाही, त्यामुळे तिथे हा भाग केवळ निरुपयोगी ठरतो. पण याच यादीने कोणी ज्ञानेश्वरीचाच अभ्यास करायला घेतला, तर श्रोता कोण आहे आणि चर्चा कशाची आहे हे सांगणारे शब्दच हरवतात. तेराव्या शतकातला ग्रंथ आणि आजची बातमी यांची वारंवारता एकत्र करून ‘मराठीचे स्टॉपवर्ड’ तयार होत नाहीत. तयार होते ती दोन वेगळ्या संग्रहांची बेरीज.

आता पहिल्या युक्तिवादाकडे वळू: वारंवार येणारा शब्द काही सांगत नाही. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, पाणीपुरवठ्याबद्दल नागरिकांनी लिहिलेले संदेश आपल्याला तपासायचे आहेत. त्यांतले तीन असे आहेत: ‘आज पाणी आले.’ ‘आज पाणी आले नाही.’ ‘पाणी कमी येत आहे.’ वरच्या यादीत ‘आज’, ‘आले’, ‘नाही’, ‘कमी’, ‘येत’ आणि ‘आहे’ हे सर्व शब्द आहेत. यादी लावल्यावर तिन्ही संदेशांतून एकच शब्द उरतो: पाणी. समाधान, तक्रार आणि अर्धी तक्रार यांत आता काहीच फरक राहिला नाही. पुढे कितीही प्रगत पद्धत वापरली तरी ती हा फरक परत आणू शकत नाही, कारण तिच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

चौथा संदेश आहे: ‘टँकर आले नाहीत.’ यादीत ‘नाही’ आहे, ‘नाहीत’ नाही. म्हणून इथे ‘टँकर नाहीत’ उरते आणि नकार वाचतो. मराठीत नकार रूपे बदलतो: नाही, नाहीत, नाहीस, नव्हता, नसतो, नको, नये. त्यांतले एखादे गाळायचे आणि बाकीची ठेवायची, याचा परिणाम असा की एकवचनी तक्रारी दिसेनाशा होतात आणि अनेकवचनी दिसत राहतात. नकार सगळीकडे सारखा हरवला असता तर ती निदान एकसारखी उणीव झाली असती. इथे व्याकरणातले वचन आपल्या आकडेवारीत कल निर्माण करते आणि पाहणाऱ्याला वाटते की लोकांची गाऱ्हाणी टँकरविषयीच आहेत.

कोणता शब्द केवळ भरीचा आणि कोणता अर्थाचा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे पदांचे चार वर्ग केले आणि काही निपात केवळ पदपूरणासाठी येतात हेही नोंदवले. पण तिथेच ‘न’ या निपाताचा विचार करताना वेदात तो निषेधाचा आहे की उपमेचा, हे त्याच्या वाक्यातील जागेवरून ठरवले. शब्दाचे रूप पाहून निकाल दिला नाही, त्याचे काम पाहून दिला. तयार यादी नेमके उलटे करते.

मराठीची घडण या अडचणीत भर घालते. इंग्रजी यादीतले अनेक शब्द ‘च्या’, ‘मध्ये’, ‘पासून’, ‘साठी’ यांचे काम करतात आणि सुटे लिहिले जातात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात: घराच्या, घरामध्ये, घरापासून, घरासाठी. इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या यादीत ‘च्या’ असेल, पण तो सुटा शब्द म्हणून क्वचितच भेटतो. सर्वनामांची रूपेही याच रीतीने फुटतात: त्याला, त्याच्याकडे, त्याच्यापेक्षा, त्याच्याविरुद्ध. त्यांवर ‘च’ आणि ‘ही’ चढतात, म्हणून ‘आहे’ गाळला तरी ‘आहेच’ राहतो. रूपांची यादी कितीही वाढवली तरी पुरी पडणार नाही.

यावर उपाय सांगितला जातो की आधी प्रत्यय कापावेत आणि मग यादी लावावी. दिशा योग्य आहे, पण क्रम बदलला की धोका बदलतो. ‘करणे’, ‘करून’, ‘करत’ यांना कापले की ‘कर’ उरतो आणि तो यादीत घालण्याचा मोह होतो. मग ‘मालमत्ता कर’ मधला कर जातो, ‘करात’ मधलाही जातो. विवाहाच्या जाहिरातींत ‘वर’ गाळला तर वधू राहते आणि वर नाहीसा होतो. म्हणून गाळायची ती शब्द आणि त्याची जात यांची जोडी: क्रियापद ‘कर’ गाळावा, नाम ‘कर’ ठेवावा. जात ओळखणारे साधन हाताशी नसेल, तर असे दुहेरी शब्द ठेवणे हाच सुरक्षित मार्ग.

दुसऱ्या युक्तिवादाच्या बाजूने आक्षेप येईल: मग ‘आहे’ आणि ‘आणि’ यांचा गोंगाट सहन करायचा का? शोधाच्या कामात याचे उत्तर कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दिले. शब्द जितक्या अधिक दस्तऐवजांत येतो तितके त्याचे वजन कमी करावे. समजा, १००० संदेशांपैकी सर्व १००० मध्ये ‘आहे’ आला, तर रूढ सूत्राप्रमाणे त्याचे वजन शून्य होते. ‘नाही’ ४०० मध्ये आला, तर त्याचे वजन घटते, पण उरते. यादीला ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतला फरक कळत नाही, मोजणीला कळतो. विषय शोधण्याच्या पद्धतींबाबत शोफील्ड, मॅग्नुसन आणि मिम्नो यांनी २०१७ मध्ये दाखवले की अगदी सर्वाधिक येणारे शब्द सोडले, तर आधी यादी लावण्याचा लाभ फारसा नाही. ते शब्द शेवटी, निकाल मांडताना वगळले तरी चालतात. तो अभ्यास मराठीवर नव्हता, पण शेवटी वगळलेला शब्द परत मिळतो आणि आधी वगळलेला मिळत नाही, हे कोणत्याही भाषेत खरे आहे.

लेखक ओळखण्याच्या कामात तर सारेच उलटते. मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ मध्ये ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी वादग्रस्त १२ लेखांचा लेखक ठरवला, तो ‘अपॉन’सारख्या लहान शब्दांच्या प्रमाणावरून. त्यांनी यादी लावली असती तर पुरावाच नष्ट झाला असता.

आता मंडन. पहिले काम म्हणजे शब्द खरोखर शब्द म्हणून सुटे होतात का ते पाहणे. अनेक साधनांतली मूळ रचना पायथनमधल्या `\w` वर उभी असते आणि ती मात्रांना अक्षर मानत नाही:

```python
import re
re.findall(r"\w\w+", "पाणी आले नाही")
# ['आल']
re.findall(r"[\u0900-\u097F]+", "पाणी आले नाही")
# ['पाणी', 'आले', 'नाही']
```

पहिल्या रीतीने शब्द तोडल्यावर कोणतीही यादी लावली तरी अर्थ नाही. त्यापुढे, आपल्याच संग्रहात कोणता शब्द किती दस्तऐवजांत येतो ते मोजावे आणि वरचे दोनशे शब्द डोळ्यांनी वाचावेत. प्रश्न समोर ठेवून प्रत्येकाचा निर्णय करावा. मताचा किंवा तक्रारीचा अभ्यास असेल तर नकाराची सर्व रूपे, ‘कमी’, ‘जास्त’, ‘पण’, ‘मात्र’ यांना हात लावू नये. विषय शोधायचा असेल तर ‘आहे’ची रूपे आणि दर्शक सर्वनामे गेली तरी चालतील.

शेवटी एक कसोटी अवश्य लावावी. गाळण्यापूर्वी वेगळे असलेले किती मजकूर गाळल्यावर एकसारखे झाले, किती पूर्ण रिकामे झाले, ते मोजावे आणि त्यांतले काही उघडून वाचावेत. ‘आज पाणी आले’ आणि ‘आज पाणी आले नाही’ एकाच गठ्ठ्यात सापडले, तर यादी चुकीची आहे हे कळायला दुसरा पुरावा लागत नाही.

तुलनेचा तिसरा युक्तिवाद इथेच निकालात निघतो. दोन अभ्यासकांनी ‘पाटील’ गाळणारी एकच यादी वापरली म्हणून त्यांचे निष्कर्ष तुलनीय होत नाहीत. दोघांकडून एकच गोष्ट सुटते, एवढेच होते. प्रत्येकाने आपली यादी, प्रत्येक शब्द गाळण्याचे कारण आणि न गाळता आलेला निकाल शेजारी छापला, तर वाचकाला खरी तुलना करता येईल आणि चूक कुठे आहे तेही दाखवता येईल.